इंटरव्ह्यूनंतरचा आभाराचा मेल: आत अर्धवट राहिलेलं उत्तर पूर्ण करायचं कसं

इंटरव्ह्यू संपवून कंपनीच्या गेटबाहेर आलं की पाच-दहा मिनिटांत नेमकं ते उत्तर आठवतं, जे आत बसलेलं असताना सुचायला हवं होतं. बहुतेकांचं ते मनातच राहून जातं. रात्री आभाराचा मेल जातो, पण त्यात "आपला बहुमूल्य वेळ दिल्याबद्दल धन्यवाद, आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची संधी मिळाल्यास आनंद होईल" एवढंच असतं. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात क्वालिटी विभागात मी बरीच वर्षं काम केलं आणि इंटरव्ह्यू पॅनेलवर बसून माणसं निवडली. असे मेल माझ्याकडे खूप आले. वाचून वाईट वाटायचं, कारण पाठवणाऱ्याने मनापासून पाठवलेला असायचा आणि तरी त्याच्याबद्दल मला नवीन काही कळत नसे. काही मोजके मेल मात्र असे आले की माझ्या मनातली शंका त्यांनी मिटवली. तसा मेल कसा लिहायचा, ते इथे एका उदाहरणातून दाखवतो.

आधी हे समजून घ्या की तुम्ही उठून गेल्यावर खोलीत काय होतं. पॅनेलमधला प्रत्येक जण एक इव्हॅल्युएशन शीट भरतो. त्यात गुणांचे रकाने असतात आणि शेवटी शेरा लिहायला जागा असते. त्या जागी बहुतेक वेळा एकच ओळ लिहिली जाते, आणि ती 'पण' वर येऊन अडते. "टेक्निकल चांगलं आहे, पण सप्लायरकडे जाऊन काम केलेलं नाही." "अनुभव आहे, पण माणसं सांभाळलेली दिसत नाहीत." दोन उमेदवार जवळजवळ सारखे असले की पुढची सगळी चर्चा या 'पण' नंतरच्या शब्दांभोवती फिरते. तुमचा मेल उपयोगी पडायचा असेल, तर त्याने त्या ओळीला उत्तर द्यायला हवं.

मर्यादाही इथेच सांगतो. इंटरव्ह्यू पार बिघडला असेल, तर मेलने तो सावरत नाही. फारच चांगला झाला असेल, तर साधे दोन ओळींचे आभार पुरतात. मधल्या अवस्थेत, जिथे पॅनेल घुटमळत असतं, तिथेच या मेलचं वजन पडतं. आणि उमेदवारांना आपण नेमके कुठे आहोत हे कळत नसल्यामुळे आपण मध्ये आहोत असं धरून लिहिणं बरं.

उदाहरण

समजा, एक इंजिनिअर भोसरीच्या एका मशीनिंग युनिटमध्ये पाच वर्षं इन-प्रोसेस आणि फायनल इन्स्पेक्शन बघतोय. चाकणच्या एका मोठ्या कारखान्यात सप्लायर क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी त्याचा इंटरव्ह्यू झाला. पॅनेलवर तिघं होते: क्वालिटी हेड, परचेस हेड आणि एचआरच्या मॅडम.

क्वालिटी हेडनी विचारलं, "आमच्या सप्लायरपैकी पाच जण अगदी छोटे वर्कशॉपवाले आहेत. त्यांच्याकडे मोजमापाचं सीएमएम मशीन नाही, वेगळा क्वालिटीचा माणूस नाही. त्यांचं रिजेक्शन तुम्ही कसं कमी कराल?" आपल्या उमेदवाराने व्हाय-व्हाय ॲनालिसिस, एट-डी, कंट्रोल प्लॅन अशी नावं भराभर सांगितली. साहेब म्हणाले, "हे सगळं बरोबर आहे, पण तुम्ही स्वतः कुठे केलंय का?" उमेदवार गडबडला आणि शॉपफ्लोअरवरचं काहीतरी सांगून त्याने विषय संपवला. पुढे परचेस हेडनी विचारलं, "सप्लायर तुमचं ऐकतच नसेल तर?" त्यावरही "समजावून सांगेन" एवढंच उत्तर गेलं. खरं तर या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्याच्या अनुभवात होतं. ते त्याला बसमध्ये आठवलं.

पहिलं काम: गेटबाहेर आल्याबरोबर टिपण

घरी जाऊन लिहू म्हणाल, तर निम्मं विसरलेलं असेल. समोरच्या टपरीवर चहा घेताना किंवा रिक्षात बसल्या बसल्या मोबाईलवर चार गोष्टी टिपून ठेवा: पॅनेलवर कोण कोण होतं आणि त्यांचं पद काय, कुठला विषय दोनदा निघाला, त्यांनी स्वतःच्या कोणत्या अडचणीबद्दल सांगितलं, आणि कुठल्या उत्तरानंतर समोरच्याचा चेहरा तसाच राहिला.

शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची. उत्तर पटलं की समोरचा माणूस त्यात शिरतो, "मग पुढे काय झालं?" असं विचारतो. पटलं नाही की "बरं" म्हणून पुढच्या प्रश्नाकडे वळतो, किंवा तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा टाकतो. आपल्या उदाहरणात "स्वतः कुठे केलंय का?" ही खूण स्पष्ट आहे. त्यांच्या शब्दांत लिहून ठेवा. साहेब 'छोटे वर्कशॉपवाले' म्हणाले असतील, तर मेलमध्ये 'टियर-टू व्हेंडर' लिहू नका. त्यांचा शब्द वाचला की त्यांना तो क्षण आठवतो.

दुसरं काम: एकच शंका निवडणं

टिपणात तीन-चार राहिलेल्या गोष्टी सापडतील. सगळ्यांची उत्तरं द्यायचा मोह होतो आणि मेल दोन पानांचा होतो, तो कुणी वाचत नाही. ज्या शंकेमुळे तुमचं नाव मागे पडू शकतं, ती एक घ्या. ओळखायची सोपी रीत अशी: या जागेवरचा माणूस रोज जे काम करणार आहे, त्याच्याशी कोणती शंका थेट जोडलेली आहे? सप्लायर क्वालिटीच्या माणसाचा निम्मा आठवडा बाहेरच्या वर्कशॉपमध्ये जातो. त्यामुळे 'याने बाहेर काम केलंय का' ही शंका पहिली. सॉफ्टवेअरबद्दलच्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर चुकलं असेल, तर ते यापुढे किरकोळ.

मग त्या शंकेला उत्तर देणारा स्वतःचा एक प्रसंग शोधा. तो मोठा नसला तरी चालतो. तुम्ही नक्की काय पाहिलंत, काय केलंत आणि त्यानंतर काय बदललं, हे तीन तुकडे त्यात हवेत. "मला सप्लायर डेव्हलपमेंटची आवड आहे" हा प्रसंग नाही. "मी त्यांच्या भट्टीवर तीन शनिवार थांबलो" हा प्रसंग आहे.

तिसरं काम: मेल लिहिणं

आपल्याकडच्या कारखान्यांमध्ये आणि कंपन्यांमध्ये हा मेल बहुधा इंग्रजीत जातो. इथे मी तो मराठीत मांडतो, म्हणजे त्याची बांधणी नीट दिसेल. भाषेचा नियम साधा आहे: ज्या भाषेत इंटरव्ह्यू झाला, त्या भाषेत मेल. इंग्रजीत लिहिताना 'एस्टीम्ड ऑर्गनायझेशन', 'गोल्डन ऑपॉर्च्युनिटी' अशी जड शब्दांची झूल टाळा. तुम्ही आत जसे बोललात तसंच साधं लिहा. इंटरव्ह्यूतलं बोलणं आणि मेलमधली भाषा यांत फार अंतर दिसलं, तर मेल दुसऱ्याने लिहून दिला असं वाटतं.

क्वालिटी हेडना जाणारा मेल असा:

> विषय: सप्लायर क्वालिटी इंजिनिअर, आजचा इंटरव्ह्यू: छोट्या वर्कशॉपमधल्या रिजेक्शनबद्दल
>
> नमस्कार सर,
>
> आज दुपारी वेळ दिलात आणि तुमच्या सप्लायरच्या अडचणी मोकळेपणाने सांगितल्यात, त्याबद्दल आभार.
>
> सीएमएम नसलेल्या छोट्या वर्कशॉपमध्ये रिजेक्शन कसं कमी करणार, या प्रश्नावर मी पद्धतींची नावं सांगितली. स्वतः केलेलं काम सांगायचं राहिलं, ते थोडक्यात लिहितो. गेल्या वर्षी आमच्या बाहेरच्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडून येणाऱ्या पिनांचा हार्डनेस कमी मिळत होता. ५०० च्या लॉटमागे साधारण २० पिना बाद होत. मी सलग तीन शनिवार त्यांच्या भट्टीवर थांबलो. बास्केटच्या मध्यभागी पिना एकमेकींना चिकटून भरल्या जात होत्या. तेलात बुडवल्यावर त्या बाहेरच्या पिनांपेक्षा सावकाश गार होत आणि तिथल्याच पिना मऊ निघत. पिनांमध्ये अंतर राहील अशी जाळी आम्ही त्यांच्याच वेल्डरकडून करून घेतली, आणि प्रत्येक बास्केटमधली मधली पिन तपासून वहीत नोंदवायची पद्धत सुरू केली. पुढच्या तीन महिन्यांत बाद पिना लॉटमागे तीन-चारवर आल्या. त्यासाठी नवीन मशीन घ्यावं लागलं नाही.
>
> तुम्ही सांगितलेल्या पाच वर्कशॉपमध्येही मी अशीच सुरुवात करीन: आधी जागेवर उभं राहून बघायचं, मग त्यांच्याकडे आहे त्या साधनांनी तपासता येईल असा एक मुद्दा ठरवायचा.
>
> आणखी काही माहिती हवी असल्यास मी फोनवर उपलब्ध आहे.
>
> आपला,
> (नाव, मोबाईल क्रमांक)

यातला पहिला परिच्छेद फक्त आभार मानतो, पण त्यात त्या दिवसाची एक खूण आहे, सप्लायरच्या अडचणींची. ती असल्यामुळे हा मेल दुसऱ्या कुठल्याही कंपनीला तसाच्या तसा पाठवता येणार नाही. लिहून झाल्यावर हीच परीक्षा करा: कंपनीचं नाव बदलून मेल दुसरीकडे चालत असेल, तर तो अजून झालेला नाही.

दुसरा परिच्छेद मेलचा जीव आहे. तो सुरू होतो "सांगायचं राहिलं" या सरळ कबुलीने. उत्तर चांगलं गेलं नाही हे साहेबांना माहीतच आहे, त्यामुळे ते मान्य करण्यात कमीपणा नाही. मात्र कबुली एका वाक्यात संपवा. "मी खूप नर्व्हस होतो, आदल्या रात्री झोप झाली नव्हती" असं लिहीत गेलात, तर वाचणाऱ्याच्या डोक्यात तुमचं काम राहत नाही, तुमची घबराट राहते.

प्रसंगातलं कारण बघा. पिना चिकटून असल्या की त्यांच्यामधून तेल नीट खेळत नाही, म्हणून त्या सावकाश गार होतात आणि मऊ राहतात. ही ओळ क्वालिटीचा माणूस वाचतो तेव्हा त्याला कळतं की लिहिणारा तिथे खरोखर उभा होता. तुमचं क्षेत्र कुठलंही असो, कारणाचा असा एक तुकडा हवाच. अकाउंट्सवाल्याने "रिकन्सिलिएशन सुधारलं" म्हणण्यापेक्षा फरक कुठल्या नोंदींमुळे पडत होता ते लिहावं.

आकड्यांबद्दल काळजी घ्या. नक्की आठवत नसेल तर 'साधारण' लिहा आणि तो शब्द खरा असू द्या. काम चौघांनी मिळून केलं असेल, तर तुमचा भाग कोणता होता तेवढंच 'मी' म्हणून लिहा. वरच्या मेलमध्ये भट्टीवर थांबलो 'मी', जाळी करून घेतली 'आम्ही'. पुढच्या फेरीत यावरच दहा प्रश्न येतात, आणि रेफरन्स चेकच्या वेळी जुन्या साहेबांना फोन जातो.

तिसऱ्या परिच्छेदात जुना अनुभव त्यांच्या जागेशी जोडला आहे. इथे मोठी आश्वासनं देऊ नका. त्यांचे वर्कशॉप तुम्ही पाहिलेले नाहीत, त्यामुळे "सहा महिन्यांत रिजेक्शन शून्यावर आणीन" हे अनुभवी माणसाला खटकतं. सुरुवात कशी कराल एवढंच सांगा.

एखादं उत्तर चक्क चुकलं असेल तर

राहून गेलेलं उत्तर आणि चुकलेलं उत्तर वेगळं. समजा, पीपीएपीच्या वेळी, म्हणजे नवीन पार्टला ग्राहकाची मंजुरी घेताना, सुरुवातीच्या प्रोसेस स्टडीत प्रोसेसची क्षमता दाखवणारा निर्देशांक किती हवा, असं विचारलं आणि उमेदवाराने १.३३ सांगितलं. पीपीएपीच्या मॅन्युअलप्रमाणे १.६७ च्या वर असेल तर प्रोसेस निकषात बसते, १.३३ ते १.६७ च्या मध्ये असेल तर ती चालूही शकते, पण ते ग्राहकाशी बोलून ठरवायचं असतं. अशी चूक कामाच्या गाभ्यातली असेल, तर मेलच्या शेवटी एक ओळ टाका: "सुरुवातीच्या प्रोसेस स्टडीबद्दल मी १.३३ म्हणालो, ते चुकलं, निकष १.६७ च्या वरचा आहे." सबब नको. क्वालिटीच्या खात्यात स्वतःची चूक स्वतः नोंदवणारा माणूस आम्हाला हवाच असतो. पण किरकोळ चुकांची यादी देऊ नका. समोरच्याच्या लक्षातही नसलेलं त्याला आठवण करून दिल्यासारखं होतं.

पॅनेलवर तिघं असतील तर

तिघांना एकच मेल कॉपी करून पाठवणं ही नेहमीची चूक. ते एकाच मजल्यावर बसतात, मेल एकमेकांना दाखवतात. आपल्या उमेदवाराने परचेस हेडना वेगळा मेल लिहायला हवा, आणि त्यासाठी नवीन प्रसंग शोधायची गरज नाही. त्याच भट्टीच्या गोष्टीची दुसरी बाजू पुरते. जाळी बसवली की बास्केटमध्ये पिना कमी मावतात, म्हणजे भट्टीवाल्याचा एका फेरीतला माल घटतो. म्हणून मालक आधी तयार नव्हता. उमेदवाराने त्याच्यासमोर बसून, परत आलेल्या पिना त्याला स्वतःच्या खर्चाने पुन्हा भट्टीत घालाव्या लागतात आणि त्यात किती जातं, याचा हिशोब मांडला, तेव्हा तो राजी झाला. "सप्लायर ऐकत नसेल तर?" या प्रश्नाचं हेच उत्तर आहे. चार-पाच ओळींत मावतं.

एचआरच्या मॅडमना तिसरा मेल, अगदी छोटा: आभार, त्यांनी मागितलेली कागदपत्रं, आणि नोटिस पिरियडबद्दल आत जे सांगितलं तेच पुन्हा एका ओळीत. पगाराचा विषय या मेलमध्ये काढू नका. त्याची बोलणी निवड झाल्यावर होतात.

पत्ता, वेळ आणि पाठवायची रीत

पॅनेलच्या लोकांचे मेल आयडी नसतील, तर ऑनलाइन इंटरव्ह्यूचं कॅलेंडर निमंत्रण उघडून बघा, बहुधा तिथे असतात. नसतील तर अंदाजाने पत्ता बनवून पाठवू नका. एचआरना लिहा आणि "हा मजकूर क्वालिटी हेड साहेबांपर्यंत पोचवाल का" अशी विनंती करा. इंटरव्ह्यू कन्सल्टंटमार्फत ठरला असेल, तर आधी कन्सल्टंटला विचारा. परस्पर कंपनीला लिहिलेलं काही कन्सल्टंटना चालत नाही. कॅम्पस इंटरव्ह्यूत प्लेसमेंट सेलमार्फत जा. एमपीएससीसारख्या सरकारी निवडीत मात्र असा मेल मुळीच पाठवायचा नाही. तिथे मुलाखतीचे गुण ठरतात आणि मंडळातल्या सदस्याशी संपर्क साधणं गैर धरलं जाईल.

वेळ: त्याच संध्याकाळी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत. शीट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी भरली जाते. तीन दिवसांनी आलेला मेल निर्णयानंतर पोचतो. भोसरी-चाकण पट्ट्यात अनेक कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, त्यामुळे बुधवारी इंटरव्ह्यू झाला तर बुधवारीच पाठवा. रात्री उशिरा लिहून झाला, तर जीमेलमधलं `Schedule send` वापरून सकाळी आठची वेळ लावा. सेटिंग्जमध्ये `Undo Send` ३० सेकंदांवर करून ठेवा आणि To मधला पत्ता मजकूर दोनदा वाचून झाल्यावर सगळ्यात शेवटी घाला. घाईत दुसऱ्या साहेबांचं नाव राहून गेलेले मेल मी पाहिले आहेत.

मेल स्वतःच्या खासगी आयडीवरूनच जाऊ द्या, सध्याच्या कंपनीच्या आयडीवरून कधीच नाही. आणि एक गोष्ट मी कळकळीने सांगतो: पुरावा म्हणून सध्याच्या कंपनीचा एट-डी रिपोर्ट, ड्रॉइंग किंवा कंट्रोल प्लॅन जोडू नका. मजकुरातही ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर नको. एका उमेदवाराने मला त्याच्या कंपनीचं ग्राहकाचा शिक्का असलेलं ड्रॉइंग पाठवलं होतं. मुलगा हुशार होता, पण उद्या आमचं ड्रॉइंगही असंच कुणाकडे जाईल, हा विचार माझ्या मनातून गेला नाही, आणि त्याचं नाव मी पुढे पाठवू शकलो नाही. वरच्या मेलमध्ये पिना, भट्टी आणि बास्केट एवढंच आहे; त्यातून कुणाचं गुपित बाहेर पडत नाही आणि काम तर पूर्ण कळतं.

उत्तर आलं नाही तर

पॅनेलच्या लोकांकडून बहुधा उत्तर येत नाही. वाचला नाही असा त्याचा अर्थ नसतो. निवड चालू असताना उमेदवाराला लिहायचं ते बरेच जण टाळतात. त्यांना पुन्हा मेल करू नका. एचआरनी "आठवड्याभरात कळवू" म्हटलं असेल, तर आठवडा आणि वर दोन कामाचे दिवस जाऊ द्या, आणि मग एचआरच्या त्याच मेलला रिप्लाय करून एवढंच विचारा:

> नमस्कार मॅडम, सप्लायर क्वालिटी इंजिनिअरच्या जागेबद्दल पुढे काही ठरलं का, हे जाणून घ्यायचं होतं. दुसऱ्या फेरीसाठी बोलावणार असाल, तर मला एक दिवस आधी कळलं तरी येता येईल.